लझान्या भाजताना: तापमान, फॉइल, वेळ आणि कापण्याआधीची वाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी फोंड्यात राहते आणि घरूनच बेकिंगच्या ऑर्डरी घेते. केकपेक्षा जास्त फोन लझान्याबद्दल येतात, आणि बहुतेक सगळे भाजण्याच्या शेवटच्या तासाबद्दलचे असतात. सॉस सगळ्यांना जमतो. अडतं ते ओव्हनचं दार लावल्यानंतर. म्हणून इथे सॉसच्या कृतीत फार न शिरता त्या तासाबद्दलच लिहिलं आहे.

आधी थोडक्यात सांगा, किती तापमानावर किती वेळ?

ओव्हन आधी तापवून १८० अंश सेल्सिअस. फॉइल लावून ३५ मिनिटं, फॉइल काढून १५ मिनिटं, बाहेर काढून २० मिनिटं नुसतं ठेवून द्यायचं. ओव्हनला पंखा असेल आणि तो चालू ठेवणार असाल तर १६५ पुरे.

हे आकडे एका ठरावीक भांड्याचे आहेत: २० सेंटिमीटर चौकोनी काचेचं भांडं, साधारण ६ सेंटिमीटर खोल, त्यात न उकडता वापरायच्या पट्ट्यांचे चार थर. सहा माणसांना पुरतं. त्यासाठी मी अर्धा किलो चिकन खिम्याचा टोमॅटो सॉस करते. व्हाइट सॉसला ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा आणि ७०० मिलिलिटर दूध घेते, आणि वर-मध्ये मिळून २०० ग्रॅम मोझरेला घालते. भांडं यापेक्षा उथळ असेल तर फॉइलखालची वेळ कमी होते आणि खोल असेल तर वाढते. लांबी-रुंदीने फारसा फरक पडत नाही, कारण उष्णतेला वरून आणि खालून मधोमध पोचायचं असतं.

पट्ट्या आधी उकडायच्या का?

पाकिटावर काय लिहिलंय ते बघा, दोन्ही प्रकार मिळतात. न उकडता वापरायच्या असतील तर त्यांना शिजायला लागणारं पाणी सॉसमधूनच मिळायला हवं. सॉस पोळीला लावून खावा इतका घट्ट नको. डावातून सहज ओघळला पाहिजे. माझा टोमॅटो सॉस आटून तयार झाला की मी त्यात मुद्दाम एक वाटी गरम पाणी घालते. बघताना सॉस पातळ झाल्यासारखा वाटतो आणि हात आखडतो, पण ते पाणी पट्ट्या पिऊन टाकतात. उकडलेल्या पट्ट्या वापरल्या तर ही वाटी घालू नका, आणि फॉइलखाली २५ मिनिटं पुरतात.

पट्टीचा एकही कोपरा कोरडा बाहेर राहू देऊ नका. सर्वात वरच्या पट्टीवर व्हाइट सॉस अगदी कडेपर्यंत पसरा. उघडा राहिलेला कोपरा ओव्हनमध्ये वर वळतो आणि कितीही वेळ ठेवला तरी कडकच राहतो.

ओटीजीचा काटा १८० वर आहे. मग वरून करपतं आणि आत कच्चं का राहतं?

बहुतेक वेळा याची दोन कारणं एकत्र असतात. एक म्हणजे काट्यावरचा आकडा आणि आतलं तापमान जुळत नाही. घरगुती ओटीजीत १५-२० अंशांचा फरक सहज असतो, कधी वर, कधी खाली. जाळीवर उभा ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो घ्या. रिकामा ओटीजी १८० वर लावून पंधरा-वीस मिनिटांनी काचेतून वाचा. तुमच्या ओटीजीत १८० साठी काटा कुठे ठेवायचा ते एकदा कळलं की तिथे मार्करने खूण करून टाका.

दुसरं कारण जागेचं. ओटीजी लहान असतो आणि वरची कांडी पदार्थाच्या अगदी डोक्यावर येते. भांडं मधल्या खाचेत ठेवलं की चीज आणि कांडी यांत चार बोटं अंतर उरतं. लझान्यासाठी जाळी मधल्यापेक्षा एक खाच खाली घ्या आणि वरची-खालची दोन्ही कांड्या चालू ठेवा. भांड्याच्या चारही बाजूंनी दोन बोटं तरी मोकळी जागा हवी. ट्रे कडेला टेकून बसला तर गरम हवा वरच्या भागात पोचतच नाही.

फॉइल लावायचीच का? केकला तर लावत नाही.

केकला कोरडी हवा लागते, लझान्याला पहिला अर्धा-पाऊण तास वाफ लागते. फॉइलने भांडं बंद केलं की सॉसमधलं पाणी वाफ होऊन आतच फिरतं आणि वरची पट्टी खालच्या पट्ट्यांसारखीच मऊ शिजते. ओव्हन १८० वर असला तरी फॉइलखाली ओलावा असेपर्यंत पदार्थ शंभर अंशांच्या वर फारसा जात नाही. त्यामुळे चीज करपत नाही आणि पोटापर्यंत उष्णता जायला वेळ मिळतो. ढोकळ्याच्या भांड्यावर झाकण का ठेवतो, तेच इथे आहे. फॉइल न लावता भाजलेल्या लझान्यात वरचं चीज वीस मिनिटांत तांबूस होतं, आपल्याला वाटतं झालं, आणि सुरी घातली की तिसऱ्या थरात पट्टी करकर वाजते.

फॉइल काढताना सगळं चीज तिलाच चिकटून येतं. काय करू?

फॉइल पदार्थावर टेकवू नका, तिचा मांडव करा. भांड्यापेक्षा चांगली मोठी तोडा, मध्ये घडी घालून ती उभी राहील अशी ठेवा आणि फक्त कडांना घट्ट दाबा. भांडं काठोकाठ भरलं असेल आणि मांडव होतच नसेल तर आतल्या बाजूला तेलाचा हात फिरवा किंवा मध्ये बटर पेपर घाला. चकचकीत बाजू आत की बाहेर, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. भाजण्यात त्याने काही फरक पडत नाही.

टेकू न देण्याचं आणखी एक कारण आहे. टोमॅटो आंबट, सॉस खारट, आणि दोन्ही अॅल्युमिनियमला खातात. फॉइल सॉसला चिकटून राहिली तर तिला बारीक भोकं पडतात आणि पदार्थावर करडे ठिपके उमटतात. भांडं स्टीलचं असेल तर हे फारच लवकर होतं, कारण स्टील आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये खारट-आंबट सॉस आला की तिथे चक्क एक छोटी बॅटरी तयार होते. या प्रकाराला नावच ‘लझान्या सेल’ पडलं आहे. उरलेला लझान्या स्टीलच्या डब्यात घालून वर फॉइल दाबून फ्रीजमध्ये ठेवलात तर सकाळी ही भोकं स्वतःच्या डोळ्यांनी बघाल. ठिपक्यांनी विषबाधा होत नाही, पण धातूची चव लागते. तेवढा भाग काढून टाका.

फॉइल नेमकी कधी काढायची?

घड्याळ ३५ मिनिटं दाखवत असलं तरी आधी सुरी विचारा. फॉइलचा एक कोपरा उचला, वाफ तोंडावर येईल म्हणून आपल्यापासून लांबचा कोपरा, आणि पातळ सुरी बरोबर मध्यभागी तळापर्यंत घाला. मऊ वडीत जावी तशी न अडखळता गेली तर पट्ट्या शिजल्या. वाटेत कुठेही पुठ्ठ्यासारखं लागलं तर फॉइल परत दाबून आणखी दहा मिनिटं. सुरी आत पाच सेकंद ठेवून बाहेर काढा आणि पातं बोटाला हलकेच लावून बघा. ते चटका बसेल इतकं गरम हवं. नुसतं कोमट लागलं तर कडेने कितीही बुडबुडे येत असले तरी पोट गार आहे. कडेचे बुडबुडे फसवतात, कडा नेहमीच आधी उकळतात. आत खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश हे किमान. खिमा असेल तेव्हा यात तडजोड करू नका.

हे जमलं की फॉइल पूर्ण काढा. आता उरतो तो फक्त रंग. पंधरा मिनिटांत चीजवर तपकिरी डाग उठायला हवेत. दहा मिनिटांनंतरही पांढरंच दिसत असेल तर शेवटची तीन-चार मिनिटं नुसती वरची कांडी ठेवा आणि ओटीजीसमोरून हलू नका. क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज मोझरेलासारखं सुंदर रंगत नाही, ते वापरलं असेल तर रंगाची वाट बघत पदार्थ सुकवू नका.

कापण्याआधी २० मिनिटं थांबायलाच हवं का? पोरं भुकेने रडत असतात.

हो, थांबायलाच हवं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘सगळं पाणी पाणी झालं’ ही पहिल्या क्रमांकाची, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लझान्यांत भाजण्याची काहीच चूक नसते. ते फक्त लवकर कापलेले असतात.

ओव्हनमधून निघालेल्या लझान्यात सॉस उकळत असतो. उकळता व्हाइट सॉस पातळच असतो. पिठलं चुलीवर असताना कसं सळसळतं आणि ताटात गार होऊ लागलं की कसं घट्ट बसतं, अगदी तसंच मैद्याचंही आहे. त्याच वेळी पट्ट्या उरलेलं पाणी शोषत असतात आणि वितळलेलं चीज पुन्हा थरांना धरू लागतं. हे तिन्ही बाहेर आल्यानंतरच होतं, त्याला वेळ द्यावा लागतो. कोथिंबीर वडीचा उंडा उकडून काढल्या काढल्या कापला तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि आपल्याकडे गरम बेबिंका कुणी कापायला घेत नाही, थर बसू देतात तेव्हाच ते सरळ रेघेत दिसतात. लझान्याला इतकं गार करायचं नाही, पण कारण एकच आहे.

माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला मी पहिल्यांदा मोठा लझान्या केला होता. पंगत बसली, मामी म्हणाल्या, “अगं आण की, सगळे खोळंबलेत,” आणि मी ओव्हनमधून काढून तीन मिनिटांत सुरी घातली. पहिला तुकडा उचलला तेव्हा वरची पट्टी उलथन्यावर आली आणि खालचं सगळं भांड्यात राहिलं. शेवटी डावाने वाढला. भांड्याच्या कडेला उरलेला एक तुकडा अर्ध्या तासाने मी काढला, तो विटेसारखा चौकोनी निघाला, चारही थर मोजता येत होते. तोच सॉस, तोच ओव्हन. तेव्हापासून मी जेवणाची वेळ विचारते आणि तिथून मागे मोजते.

थांबवायचं कसं, तेही सांगते. भांडं लाकडी पाटावर किंवा जाळीवर ठेवा. काचेचं गरम भांडं ओल्या कडप्प्यावर टेकवू नका, तडकतं. फॉइल पुन्हा घट्ट लावू नका, नाहीतर वाफ चीजवर पडून तुमचा तपकिरी रंग मऊ पडेल. माशांची भीती असेल तर जाळीचं झाकण ठेवा. थंड होईल ही काळजी नको, इतक्या जाड पदार्थाचं पोट २० मिनिटांनीही असं गरम असतं की पहिल्या घासाला फुंकर मारावी लागते.

कापताना दातेरी सुरी, दाब कमी आणि चाल करवतीची. कोपऱ्याचा पहिला तुकडा थोडा मोडणारच, तो स्वतःच्या ताटात घ्या.

पावसाळ्यात व्होल्टेज कमी असतं, दिवे मंद होतात. तेव्हा वेळ किती वाढवायची?

हा प्रश्न आमच्याकडे जून ते सप्टेंबर रोज असतो, म्हणून नीट सांगते. कांडीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १९० झाले तर व्होल्टेज फक्त सहाव्या हिश्श्याने कमी झालेलं दिसतं, पण १६०० वॅटचा ओटीजी जेमतेम ११०० वॅटसारखा चालतो. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. थर्मोस्टॅट बिचारा कांडी सतत चालू ठेवतो, तापमान कधीतरी चढतंही, पण फार हळू. आणि दार एकदा उघडलं की पडलेलं तापमान पुन्हा वर यायला दहा-दहा मिनिटं लागतात.

गेल्या जुलैतली एक संध्याकाळ मी वहीत लिहून ठेवली आहे. साडेआठला द्यायचा लझान्या होता, वर सांगितला त्याच मापाचा. सहाला ओटीजी लावला. एरवी पंधरा मिनिटांत तापतो, त्या दिवशी सव्वासहाला आतला थर्मामीटर १४० वर होता आणि पंखा हळू फिरत होता. साडेसहाला १६० दिसले तेव्हा भांडं आत ठेवलं. सात वाजून पाच मिनिटांनी ३५ मिनिटं पुरी झाली, सुरी घातली तर तिसऱ्या थरात अडकली. फॉइल परत दाबली आणि दार २० मिनिटं अजिबात उघडलं नाही. सात पंचविसला सुरी सरळ खाली गेली, पातं चांगलं तापलेलं. मग फॉइल काढली आणि भांडं एक खाच वर घेतलं, कारण कमजोर कांडीखाली रंग यायला अर्धा तास लागला असता आणि तेवढ्यात कडा सुकल्या असत्या. पावणेआठला रंग आला, बाहेर काढलं, आणि आठ पाचला कापलं. थर नीट बसले होते.

म्हणजे अशा दिवशी वाढवायची ती फॉइलखालची वेळ. तिथे ओलावा कोंडलेला असतो, त्यामुळे २० मिनिटं जास्त झाली तरी पदार्थ बिघडत नाही. उघड्यावरची वेळ मात्र वाढवू नका.

वीज पूर्णच गेली तर दार बंद ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत आली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करा आणि तापायला लागलेली दहा मिनिटं वेगळी मोजा. त्याहून उशीर होत असेल आणि भांडं धातूचं असेल तर ते फॉइलसकट जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात स्टँडवर ठेवा, वर घट्ट झाकण, गॅस बारीक. वरून रंग येणार नाही, पण खिमा आणि पट्ट्या शिजून जातील. काचेच्या भांड्याला हे करू नका.

चोरिस घातली तर चालेल का?

छान लागते, पण अख्ख्या खिम्याच्या जागी नको. चोरिसमध्ये चरबी भरपूर आणि मीठही. भाजताना ती चरबी सुटते, लालभडक तेल थरांमध्ये साचतं आणि कितीही थांबलात तरी तुकड्याचे थर एकमेकांवरून घसरतात. मी ३५० ग्रॅम चिकन खिम्याला १५० ग्रॅम चोरिस घेते. सालातून काढून कांद्याबरोबर आधी परतते, सुटलेलं तेल निथळून टाकते आणि सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी, चाखून घालते. भाजण्याची वेळ तीच.

श्रावणात भाजीचा करते, तो नेहमी पाणचट होतो.

पालक, मशरूम, दुधी, भोपळा ही सगळी ओव्हनमध्ये पाणी सोडतात. ते पाणी ओव्हनबाहेरच काढा. मशरूम कढईत कोरडे होईपर्यंत परता, पालक वाफवून मुठीने पिळा. भाजीच्या लझान्यात मी सॉसला ती जादा वाटीभर पाण्याची भर अर्धीच घालते आणि फॉइल पाच मिनिटं आधी काढते. थांबायचं मात्र पूर्ण २० मिनिटं.

आदल्या रात्री रचून फ्रीजमध्ये ठेवला तर?

ठेवा, उलट पट्ट्या रात्रभरात ओलावा पितात आणि थर छान बसतात. पण फ्रीजमधलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओटीजीत घालू नका. अर्धा तास बाहेर ठेवा, मग भाजा, आणि फॉइलखाली १५ मिनिटं वाढवा. फ्रीजरमधला असेल तर आदला अख्खा दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या.

पेने किंवा मॅकरोनीच्या बेक्ड पास्त्याला हेच आकडे लागू होतात का?

नाही. तो पास्ता आधीच उकडलेला असतो, म्हणून सगळं आखूड होतं. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी उकडा, सॉस नेहमीपेक्षा सैल ठेवा. १८० वर फॉइलखाली २० मिनिटं, उघडा १० ते १२, आणि बाहेर १० मिनिटं थांबा. चमच्याने वाढायचा असल्यामुळे थर बसण्याचा प्रश्न नसतो, पण लगेच वाढला तर सॉस तळाला आणि पास्ता कोरडा अशी वाटणी होते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये फॉइल चालते का?

नुसत्या कन्व्हेक्शनवर चालते, फक्त ती भिंतींना टेकू देऊ नका. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी मोडवर अजिबात नाही, ठिणग्या उडतात. पंखा असतो म्हणून १६५ ते १७० ठेवा.

उरलेला किती वेळ बाहेर चालतो, आणि गरम कसा करायचा?

दूध, चीज आणि मांस एकत्र आहे आणि आपली हवा दमट. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, एप्रिल-मेच्या दुपारी तर तासाभरात. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात तीन दिवस नीट राहतो. गार तुकडा एकदम देखणा कापला जातो, म्हणून डब्याला द्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशीच कापा. गरम करताना वर चमचाभर दूध शिंपडा, पुन्हा फॉइलचा मांडव करा आणि १६० वर २० मिनिटं ठेवा. मधोमध सुरी घालून पातं बघायला इथेही विसरू नका.